ऐकू येतं, पण कळत नाही: बाबांचे कान आणि बाबांची आठवण

प्रश्न: माझे बाबा ७२ वर्षांचे आहेत, आम्ही नौपाड्यात राहतो. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी बोलतात. ‘मला ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता’ असं त्यांचं म्हणणं. रात्री कानात रातकिड्यांसारखा आवाज येतो म्हणून झोप लागत नाही. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन कानाचं मशीन मागवलं, ते कपाटात पडून आहे. हल्ली सांगितलेलं विसरतात, गप्प बसतात. कान गेले की स्मृतिभ्रंश होतो असं वाचलं. हे खरं आहे का? आणि आधी जायचं कुठे, कानवाल्याकडे की मेंदूवाल्याकडे?

उत्तर:

बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांना ऐकू येतं. कुणीतरी बोलतंय हे कळतं, आवाज तुमचा की आईचा हे कळतं, रागाने बोलताय की लाडाने हेही कळतं. सुटतात ते शब्द. म्हणून त्यांना मनापासून वाटतं की समोरचा माणूस पुटपुटतोय. ठाण्यात ऑडिओलॉजिस्ट म्हणून, म्हणजे ऐकण्याची तपासणी करायचं आणि मशीन बसवायचं, २२ वर्षं काम करतेय, आणि ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ हे वाक्य माझ्या खुर्चीत रोज कुणीतरी म्हणतं.

काल, चाल, शाल, साल, ताल, पाल हे शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. ‘आल’ हा भाग सगळ्यांत सारखा, आणि जोर सगळा त्याच्यावर. शब्द कुठला ते ठरतं पहिल्या व्यंजनावर, आणि ते असतं क्षणभराचं, हलकं आणि वरच्या पट्टीतलं. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते, कॉक्लिया. वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी तिच्या तोंडाशी असतात, खालच्या पट्टीच्या आत टोकाकडे. एका कानात अशा साधारण १५-१६ हजार पेशी जन्मतः मिळतात. त्या मेल्या की नव्या येत नाहीत, आणि वयाबरोबर तोंडाकडच्या आधी जातात. त्यामुळे ‘आल’ पोहोचतं आणि ‘श’ वाटेतच राहतो. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज वरच्या पट्टीचे, म्हणून ते जास्त चुकतात. मित्राशी तासभर गप्पा मारणारा नवरा स्वयंपाकघरातून मारलेली हाक ऐकत नाही, त्यात दरवेळी लबाडी नसते. (कधीकधी असते.)

आता एका आजोबांची गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या बाबांच्या जवळची आहे. नाव सांगत नाही, त्यांना अण्णा म्हणू. वय ७१. वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये २६ वर्षं काम केलेलं. कानात बोळे घालायची पद्धत तेव्हा नव्हती. सून त्यांना घेऊन आली ती विसरण्याची तक्रार घेऊन. ‘मॅडम, गॅसवाला येणार म्हणून सांगून जाते, आणि संध्याकाळी म्हणतात, मला कुणी सांगितलंच नाही.’ त्याआधी कुणीतरी त्यांची स्मरणशक्तीची छोटी चाचणी घेतली होती. तिचा निकाल वाईट आला होता, आणि घरात ‘अण्णांचं आता असंच’ हे ठरून गेलं होतं.

त्या चाचणीतला एक भाग असा असतो: तीन-चार शब्द सांगायचे, लगेच म्हणून घ्यायचे, मग मध्ये दुसरं काहीतरी करायला लावून पाचेक मिनिटांनी ते शब्द पुन्हा विचारायचे. मी तोच प्रकार त्यांच्याबरोबर करून पाहिला. माझ्या तोंडासमोर कागद धरला, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, ‘शाल, पतंग, साखर.’ अण्णा म्हणाले, ‘चाल, पलंग, आणि... काहीतरी खर.’ आत शिरतानाच शब्द बदलले होते. पाच मिनिटांनी त्यांनी ‘चाल, पलंग’ अगदी बरोबर आठवून सांगितलं! म्हणजे जे आत गेलं ते टिकलं होतं. कागदावर मात्र हे दोन्ही शब्द चुकलेलेच धरले गेले असते.

हे घरी करता येतं. निदान म्हणून नाही, नुसतं दिशा कळायला. पंखा, टीव्ही बंद करा, समोर बसा, तीन साधे शब्द सांगा आणि लगेच म्हणायला लावा. लगेचच चुकले तर प्रश्न आधी कानाचा आहे. लगेच बरोबर म्हणाले, पण पाच मिनिटांनी शब्दांचा पत्ताच नाही, आठवण करून दिली तरी नाही, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. पुष्कळ घरांत थोडं हे आणि थोडं ते निघतं. अण्णांचंही तसंच झालं, त्याकडे येते.

आधी त्यांची तपासणी. पहिलं काम कानात डोकावणं. उजव्या कानात मळ घट्ट बसला होता. तो ईएनटी डॉक्टरांकडून काढून घेतला, आणि मगच चाचणीला बसवलं. मळ असताना काढलेल्या आलेखाचा काही उपयोग नसतो. मग आवाजबंद खोलीत हेडफोन लावून शुद्ध स्वरांची चाचणी. २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेक पट्टी घ्यायची आणि प्रत्येक पट्टीत जेमतेम ऐकू येणारा आवाज किती डेसिबलचा ते शोधायचं. यातून येणारा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. उजवा कान लाल गोलांनी, डावा निळ्या फुल्यांनी. अण्णांचे दोन्ही कान जवळजवळ सारखे होते: ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १००० ला ३५, २००० ला ५०, ४००० ला ६५. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारा घाट. या चारांची सरासरी जवळपास ४४. जागतिक आरोग्य संघटनेच्या आताच्या वर्गवारीत २० च्या आत सामान्य, आणि ३५ ते ५० म्हणजे मध्यम बहिरेपणा.

पण सरासरीवर थांबू नका, घाट बघा. घरातल्या बोलण्यातला ‘आ’ खालच्या पट्टीत असतो आणि बऱ्यापैकी जोरात असतो, तो अण्णांना सहज पोहोचत होता. ‘स’ हा ४००० हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याहून वरचा आवाज. आलेखावर नेहमीच्या बोलण्यात त्याची ताकद ३० डेसिबलच्या आसपास भरते. अण्णांना तिथे ६५ लागत होते. म्हणजे साध्या बोलण्यातला ‘स’ त्यांच्यासाठी नव्हताच.

मग कानामागच्या हाडावर छोटं यंत्र ठेवून तीच चाचणी पुन्हा केली. हाडातून जास्त चांगलं ऐकू आलं असतं, तर दोष पडद्याचा किंवा मधल्या कानाचा, आणि त्याला कधीकधी औषध किंवा शस्त्रक्रिया असते. इथे दोन्ही आकडे सारखे आले, म्हणजे दोष आतल्या कानाचा. शेवटी शब्दांची चाचणी: पुरेशा मोठ्या आवाजात २५ मराठी शब्द ऐकवायचे आणि म्हणून घ्यायचे. अण्णांचे १९ बरोबर, म्हणजे ७६ टक्के. हा आकडा कुणी घरच्यांना समजावून सांगत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आवाज पुरेसा मोठा केल्यावरही किती समजतं, म्हणजेच मशीनकडून साधारण किती अपेक्षा ठेवायची, हे तो सांगतो. ७६ हा चांगला आकडा आहे. ४० आला असता तर मी वेगळं बोलले असते.

आता तुमचा पहिला प्रश्न. कान आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आहे. पण ‘कान गेले की स्मृतिभ्रंश होतो’ असं म्हणता येत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला ६३९ लोकांचा बरीच वर्षं पाठपुरावा करून झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सौम्य बहिरेपणा असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं, मध्यम असलेल्यांत तिप्पट. असे अभ्यास पुढेही झाले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्यासारखी १४ कारणं सांगितली. त्यात ऐकू न येण्याचा वाटा ७ टक्के धरला आहे. हा वाटा सगळ्या लोकसंख्येचा आहे. ‘बाबांना ७ टक्के शक्यता’ असा त्याचा अर्थ होत नाही.

संबंध कशामुळे, याची तीन उत्तरं दिली जातात. मला वाटतं तिन्हींत तथ्य आहे. एक म्हणजे मेहनत. अर्धे शब्द सुटले की मेंदू उरलेल्यावरून अंदाज बांधत राहतो. पावसात भिजलेलं पत्र वाचल्यासारखं: अक्षरं लावण्यातच शक्ती जाते, मजकूर लक्षात ठेवायला काही उरत नाही. लग्नाच्या हॉलमधून आल्यावर अण्णा न जेवता झोपायचे, ते यामुळे. दुसरं, मेंदूच्या ज्या भागाला वर्षानुवर्षं नीट आवाज पोहोचत नाही तो भाग सुस्तावतो, आणि पुढे आवाज दिला तरी त्याला उलगडायला वेळ लागतो. तिसरं तुमच्या प्रश्नातच आहे, बाबा गप्प बसतात. आधी फोन टाळायचा, मग कट्टा टाळायचा, मग घरातही ‘चालू द्या तुमचं’. शिवाय रक्तदाब, मधुमेह यांसारख्या गोष्टी कान आणि मेंदू दोघांनाही पोखरतात, त्यामुळे काही संबंध निव्वळ शेजाराचाही असेल.

मग मशीन लावून मेंदू वाचतो का? याचा सगळ्यात नीट प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, अमेरिकेतला. ७० ते ८४ वयाचे, ऐकण्याचा त्रास असलेले ९७७ लोक. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला मशीन आणि ऑडिओलॉजिस्टचं मार्गदर्शन, दुसऱ्याला आरोग्याविषयी शिकवणी. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून हिशेब केला तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण आधीपासून धोका जास्त असलेल्या, वयाने मोठ्या, हृदयाच्या जुन्या अभ्यासातून घेतलेल्या लोकांत मशीनवाल्यांची बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. मशीनच्या जाहिरातींत फक्त हा ४८ चा आकडा असतो, आधीचं वाक्य गाळलेलं असतं. मी रुग्णांना दोन्ही सांगते. मशीन ही स्मृतिभ्रंशाची लस नाही. पण ज्याचा धोका जास्त आहे त्याच्यासाठी इतक्या बिनधोक गोष्टीने एवढा फरक पडत असेल, तर ती लांबवण्यात मला शहाणपणा दिसत नाही.

‘लवकर तपासा’ म्हणतात त्याचं कारणही यातच आहे. मी एक गोष्ट नेहमी पाहते: दोन्ही कान सारखे असताना पैसे वाचवायला एकाच कानाला मशीन घेतलं, तर काही वर्षांनी दुसऱ्या कानाची शब्द ओळखण्याची टक्केवारी घसरलेली निघते. ऑडिओग्राम जवळपास तोच, पण शब्द कमी. न वापरलेला कान समजणं विसरतो. साठीत आलेल्या माणसाला मशीनची सवय व्हायला महिना लागला, तर पंधरा वर्षं थांबून ऐंशीत आलेल्याला कितीतरी जास्त, आणि पुष्कळदा ते जमतही नाही. जागतिक आरोग्य संघटना पन्नाशीपासून दर पाच वर्षांनी आणि ६५ नंतर दर एक ते तीन वर्षांनी तपासायला सांगते. म्हणजे बाबांबरोबर तुमच्या आईचीही वेळ आली आहे.

रातकिड्यांचं सांगते. बहुतेक वेळा तो आवाज कानात बाहेरून येत नाही. ज्या पट्टीचे आवाज येईनासे झाले, त्या पट्टीत मेंदू स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो, आणि रिकाम्या रेडिओची खरखर ऐकू यावी तशी ती ऐकू येते. म्हणून शिट्टी बहुधा वरच्या पट्टीची असते. दिवसा रिक्षा आणि कुकर यांच्यात ती झाकते, रात्री घर शांत झालं की वर येते. यावर गोळी नाही. जिंकोच्या गोळ्या, जीवनसत्त्वांचे कोर्स यांच्यावर लोक हजारो रुपये घालवतात आणि शिट्टी तिथेच असते. उपयोग होतो तो पोकळी भरल्याने. ज्यांचं ऐकू येणं कमी आहे त्यांना दिवसा मशीन लावल्यावर अनेकदा शिट्टीचा त्रास कमी होतो, कारण मेंदूला खरे आवाज मिळू लागतात. रात्री मशीन काढल्यावर खोली अगदी शांत ठेवू नका. पंखा, किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज, शिट्टीपेक्षा किंचित हळू. पूर्ण झाकून टाकू नका, मेंदूला तिच्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागू द्यायची असते. एवढ्यानेही झोप उडत असेल, मन सतत तिथेच जात असेल, तर त्यासाठी समुपदेशनाची एक ठरलेली पद्धत आहे, सीबीटी. तिचा फायदा अभ्यासांत दिसला आहे. शिट्टी जात नाही, तिची भीती जाते.

मात्र काही प्रकारच्या शिट्ट्या असतील तर थांबून राहायचं नसतं, डॉक्टरांकडे जायचं. एकाच कानात येणारा आवाज, किंवा दोन कानांत मोठा फरक असेल, तर ईएनटी डॉक्टर एमआरआय करायला सांगतात, कारण ऐकण्याच्या नसेवर साधी गाठ असू शकते. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड येत असेल, तर रक्तवाहिन्या तपासतात. आणि सकाळी उठल्यावर एक कान एकदम बंद वाटला, तर ‘मळ असेल, सर्दी असेल’ म्हणून बसू नका, तेल तर मुळीच घालू नका. त्याच दिवशी ईएनटीकडे जा. आतल्या कानाचा अचानक आलेला बहिरेपणा असेल, तर स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत होतो. महिन्याने आलेल्या रुग्णाला सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नसतं.

आता कपाटातलं मशीन. अण्णांकडेही तसलंच एक होतं, ते रुमालात बांधून आणलेलं. असं मशीन सगळंच मोठं करतं. अण्णांचा खालच्या पट्टीचा कान जवळजवळ चांगला होता, तिथे वाढवायची गरजच नव्हती. त्यामुळे पंखा घोंघावू लागला, स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा घुमू लागला, आणि ‘स’ तरीही पुरेसा आला नाही. शिवाय आतल्या कानाच्या बहिरेपणात आवाजाची मोकळी जागा दोन्हीकडून आक्रसते. हळू बोललं तर पोहोचत नाही, आणि जरा मोठ्याने बोललं की ‘ओरडतेस कशाला!’ हा स्वभाव नव्हे, हे त्या पेशींचं गणित. म्हणून हळू आवाज जास्त वाढवायचा, मोठा कमी, आणि तेही प्रत्येक पट्टीत वेगळं. त्याला आलेख लागतो.

आलेखही खरा हवा. सुरुवातीला मी एका दुकानात नोकरी केली. तिथे चाचणीच्या खोलीला दाराऐवजी पडदा होता आणि बाहेर रिक्षा स्टँड. रिक्षांच्या घरघरीत खालच्या पट्टीचे हलके आवाज बुडायचे, आलेखात तिथे खोटा बहिरेपणा दिसायचा आणि मशीन तिथेच वाढवून बसवलं जायचं. महिन्याभरात लोक ते घुमतं म्हणून परत आणायचे. मला कारण कळायला वर्ष लागलं. तुम्ही जाल तिथे आधी खोलीत दार लावून गप्प उभ्या राहा. बाहेरचं बोलणं कळत असेल, तर तिथे चाचणी करू नका.

अण्णांना मी कानामागे बसणारं, बारीक तारेने कानात जाणारं मशीन दोन्ही कानांना दिलं. कानात जाणाऱ्या टोकाला भोकांची मऊ टोपी, म्हणजे खालच्या पट्टीचे आवाज नैसर्गिकपणे आत-बाहेर करतात आणि आवाज घुमत नाही. मग उदबत्तीच्या काडीहून बारीक मऊ नळी पडद्याजवळ सरकवून मशीनचा आवाज तिथे खरोखर किती पोहोचतो ते मोजलं. ही मोजणी पुष्कळ ठिकाणी होत नाही. कॉम्प्युटरने सुचवलेला आकडा आणि कानात पोहोचणारा आकडा यांत फरक पडतो, कारण प्रत्येक कानाची पोकळी वेगळी. दुकानदार तुम्हाला चॅनेल आणि ब्लूटूथ दाखवील. तुम्ही ‘कानात नळी घालून मोजता का’ एवढंच विचारा.

पहिल्या दिवशी आवाज मुद्दाम कमी ठेवला. तरी अण्णा वैतागले. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्रा फाटल्यासारखं, चपला फटफट, नळ म्हणजे धबधबा. हे सगळे वरच्या पट्टीचे आवाज मेंदूला कित्येक वर्षांनी भेटत होते. दोन आठवड्यांनी आले तेव्हा म्हणाले, ‘दिवसभर लावतो, फरक नाही.’ मशीन किती तास चालू होतं याची नोंद मशीनमध्येच राहते. ती काढली: रोजची सरासरी दीड तास. मी काही बोलले नाही, नुसता स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. सून हसली, मग तेही हसले. खरं कारण त्यांनी मग सांगितलं: उजव्या कानात टोपी टोचत होती. लहान मापाची घातली. रोज दोन तासांपासून सुरू करून आठवड्याला वाढवत न्यायचं, आधी घरात एका माणसाशी, मग टीव्हीवरच्या बातम्या, गर्दी शेवटी, असं ठरलं. सहाव्या आठवड्यात नोंद नऊ तासांची होती.

तेव्हा पुन्हा तोंडासमोर कागद धरून तीन शब्द. तिन्ही लगेच बरोबर म्हणाले. पाच मिनिटांनी दोन आठवले, तिसरा नाही, आठवण करून दिल्यावरही नाही. म्हणून त्यांना न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलंच. तिथे बी-१२ बरंच कमी निघालं, त्यावर उपचार चालू आहेत. पण ती चाचणी त्यांनी मशीन लावून दिली, आणि तिचा निकाल पहिल्यापेक्षा खूपच बरा होता. गॅसवाल्याचा निरोप आता लक्षात राहतो. गडकरी रंगायतनला मात्र मागच्या रांगेतून संवाद सुटतात. मशीनचा सगळ्यात जास्त फायदा हाताच्या अंतरावर समोरासमोर होतो. लांबून किंवा गोंगाटात तो कमी होत जातो, कितीही महाग मशीन असलं तरी.

बाकी रोजची काळजी. आपल्याकडच्या दमट हवेत आणि घामात मशीन बिघडतं ते बहुतेक ओलीने, म्हणून पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. सेलचं मशीन असेल, तर स्टिकर काढल्यावर सेल दोन-तीन मिनिटं उघडा राहू द्या आणि मग बसवा, तो हवेवर चालतो. ‘मशीन बंद पडलं’ म्हणून येणाऱ्यांत कितीतरी जणांची फक्त टोकाची मळाची जाळी भरलेली असते.

आता कुठे जायचं. आधी ईएनटी डॉक्टर, मळ आणि पडदा बघायला. मग भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेला ऑडिओलॉजिस्ट. कमी खर्चात करायचं असेल, तर वांद्र्याला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे तपासणीही होते आणि मशीनही मिळतं. ज्यांचं कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत आहे अशा ६५ वर्षांवरच्यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३००० रुपये मिळतात. नीट बसवलेलं मशीन तेवढ्यात येत नाही, पण हातभार लागतो. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवायला हरकत नाही, फक्त कानांचा निकाल बरोबर न्या आणि ‘यांना ऐकायला कमी येतं’ हे त्यांना चाचणीच्या आधी सांगा.

ऑडिओलॉजिस्टकडे जाताना चालू औषधांची यादी न्या, कारण काही औषधांनी कान वाजतात. कपाटातलं मशीनही न्या, ते कशाने त्रास देत होतं यावरून पुष्कळ कळतं. आणि आईला बरोबर न्या. ज्या आवाजाशी बाबांची सगळ्यात जास्त चुकामूक होते, तोच आवाज मशीन बसवताना समोरच्या खुर्चीत असलेला बरा.